पुढची कोलांटी आणि मोजता येणारी उद्दिष्टं: माध्यमिक शाळेच्या जिम्नॅस्टिक्स घटकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधले पीटीचे शिक्षक भेटले की घटक नियोजनाचा विषय निघतोच, आणि जिम्नॅस्टिक्सचा घटक आला की सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते. उद्दिष्ट लिहायचं कसं? मी आठवी-नववीला शिकवते. खाली सगळी उत्तरं एकाच कौशल्यावर दिलीयेत, पुढच्या कोलांटीवर, कारण एक कोलांटी नीट उलगडली की हँडस्टँड, कार्टव्हील, तोलाचे प्रकार याच पद्धतीने लिहिता येतात.

"विद्यार्थी पुढची कोलांटी व्यवस्थित मारतील" हे उद्दिष्ट चुकीचं का? आम्ही तर वर्षानुवर्षं हेच लिहितोय.

मीही लिहायचे. यातला सगळा घोळ "व्यवस्थित" या शब्दात आहे. तुमचं व्यवस्थित वेगळं, माझं वेगळं, आणि पोराच्या मते तर तो पलीकडे पोचला म्हणजे व्यवस्थितच झालं. "योग्य प्रकारे", "सुबकपणे", "आत्मविश्वासाने", "चांगल्या लयीत" हे शब्दही त्याच जातीचे आहेत, वाचायला बरे वाटतात पण मैदानात उभं राहून बघायचं काय ते सांगत नाहीत.

हे मला कळलं ते एका मुलामुळे. आठवीतला, अंगाने दणकट, कोलांटी मारायला कायम पहिला पुढे. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे सलग तीन तासिका "येते" अशी टिकमार्क होती. चौथ्या तासिकेला तो मान वाकडी करून आला, रात्रभर दुखत होती म्हणाला. मग त्याला हळू, एकट्याला कोलांटी मारायला लावली आणि मी गादीच्या बाजूला गुडघ्यावर बसून पाहिलं तर तो दर वेळी सरळ टाळूवर वजन टाकून पलटत होता. तीन तासिका माझ्या डोळ्यांसमोर. सुदैवाने दोन दिवसांत मान मोकळी झाली, पण माझ्या उद्दिष्टात "टाळू" हा शब्द कुठेच नव्हता म्हणून मी तिकडे बघतच नव्हते, ही गोष्ट मला फार लागली.

मग उद्दिष्टात नेमकं काय काय यायला हवं?

तीन गोष्टी. विद्यार्थी काय करून दाखवणार, कोणत्या परिस्थितीत करणार, आणि किती झालं म्हणजे झालं म्हणायचं. अमेरिकेतल्या रॉबर्ट मॅगर यांनी 1962 साली ही तीन भागांची मांडणी केली आणि बीएड-बीपीएडला आपण जे शिकतो ते बरंचसं तिथूनच आलंय. आपल्या पाठ टाचणात "उद्दिष्टे" आणि त्याखाली "स्पष्टीकरणे" असे रकाने असतात ना, तिथे स्पष्टीकरणांनी हेच काम करायचं असतं, पण आपण वर लिहिलेलंच वाक्य शब्द बदलून खाली उतरवतो.

माझं आत्ताचं उद्दिष्ट असं आहे:

"सपाट गादीवर, कुणी न धरता, उकिडवं बसून सुरुवात करून विद्यार्थी पुढची कोलांटी तीनदा मारतो. तिन्ही वेळा टाळू गादीला लागत नाही, आणि तीनपैकी किमान दोन वेळा हात न टेकता उठून 3 सेकंद पाऊल न हलवता उभा राहतो."

लांब आहे, मान्य. पण हे वाक्य घेऊन शाळेतले दुसरे कुठलेही सर, अगदी गणिताचे सुद्धा, गादीशेजारी बसले तरी ते हो किंवा नाही सांगू शकतील.

टाळूला तीनपैकी तीन आणि उठण्याला तीनपैकी दोन, असं वेगवेगळं का?

कारण दोन्हींचं वजन सारखं नाही. उठताना हात टेकला तर कोलांटी कच्ची दिसते, एवढंच. टाळू टेकला तर अंगाचं वजन मानेवर येतं. सुरक्षेचा निकष "बहुतेक वेळा" असा ठेवताच येत नाही, तीनपैकी दोनदा मान वाचली म्हणजे पास असं आपण म्हणू का? म्हणून मी मुद्दाम दोन भाग वेगळे लिहिते, एक अट जी प्रत्येक वेळी पाळलीच पाहिजे आणि बाकीच्या अशा ज्यांत एखादी चूक चालते.

तीनच प्रयत्न घेण्यामागेही कारण आहे. पुस्तकी नमुन्यात "10 पैकी 8 वेळा" असं असतं, ते बास्केटबॉलच्या फ्री थ्रोला ठीक आहे. सलग दहा कोलांट्या मारल्यावर पोरांना गरगरायला लागतं आणि शेवटच्या चार-पाच कोलांट्यांत तुम्ही कौशल्य बघत नसता, चक्कर बघत असता. तीन प्रयत्न, मध्ये चालत परत यायचं, बास.

"80 टक्के विद्यार्थी कोलांटी मारू शकतील" असं लिहिलं तर? आकडा तर आला.

आकडा आला पण तो वर्गाचा आला. मुलाने काय करायचं ते अजून कोरंच आहे. हे शिक्षकाचं टार्गेट झालं, तुमच्या नियोजनाच्या वहीत वेगळं लिहून ठेवा, काही हरकत नाही. आणि "80 टक्के अचूकतेने कोलांटी" हा तर मला कधीच न कळलेला प्रकार आहे, कोलांटीचा कुठला पाचवा भाग चुकलेला चालेल?

निकष "डोळ्यांना दिसणारा" आहे की नाही हे ओळखायचं कसं?

मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. मी कुठे उभी राहू? कोणत्या क्षणी बघू? आणि "नाही" झालं तर काय दिसेल? तिन्हीची उत्तरं आली तर निकष ठेवायचा.

"टाळू गादीला लागत नाही" घ्या. गादीच्या बाजूला, गुडघ्यावर बसून, डोळे गादीच्या पातळीला आणून बघायचं. क्षण म्हणजे हात टेकून ढुंगण वर उचललं जातं तेव्हाचा. बरोबर असेल तर हनुवटी छातीला चिकटलेली असते, डोकं आत जातं आणि डोक्याची मागची बाजू ओझरती टेकून वजन मानेखाली खांद्यांवर येतं. चुकलं तर टाळूवर क्षणभर सगळं अंग थांबल्यासारखं दिसतं आणि मग पाठ सपाट पडते, "धप्प" आवाज येतो. तो आवाज ओळखीचा झाला की पाठ फिरवून उभं असलं तरी कळतं.

एक साधी युक्ती आहे. गादीवर जिथे डोकं येतं तिथे ओल्या फडक्याने पुसून थोडी खडूची पूड लावायची, अगदी चिमूटभर, उडेल इतकी नाही. कोलांटीनंतर पोराचं डोकं बघायचं, काळ्या केसांवर पांढरं लगेच दिसतं. पांढरं टाळूवर असेल तर टाळू टेकलाय, डोक्याच्या मागे मानेकडे असेल तर ठीक. गेल्या वर्षी एक मुलगी वाद घालत होती की माझा टाळू लागतच नाही, मैत्रिणीने तिच्या टाळूवरून बोट फिरवून पांढरं बोट तिला दाखवलं, मग गप्प बसली आणि पुढच्या कोलांटीला हनुवटी बरोबर आत घेतली.

"पाठ गोल ठेवतो" हा निकष तर सगळीकडे असतो. तो का घेतला नाही?

घेतला होता, आणि काढला. का ते सांगते.

मी आणि आमच्या शाळेतल्या दुसऱ्या पीटीच्या मॅडम, दोघींनी दहा मुलांच्या कोलांट्यांचे व्हिडिओ मोबाइलवर घेतले (पालकांना विचारून, आणि काम झाल्यावर डिलीट केले), आणि एकमेकींना न दाखवता वेगवेगळ्या कागदावर हो-नाही भरलं. "हात न टेकता उठतो" यात दहापैकी नऊ मुलांबद्दल आमचं एकमत झालं. "पाठ गोल ठेवतो" यात दहापैकी पाच. आता पाच म्हणजे अर्धं तरी जमलं असं वाटेल, पण उत्तरं दोनच असताना दोघींनी नाणं उडवून भरलं असतं तरी साधारण पाच जुळले असतेच, म्हणजे तो निकष काहीच मोजत नव्हता.

मग बोलल्यावर कळलं, त्या मॅडम कमरेकडे बघत होत्या आणि मी खांद्यांकडे. पाठ लांबलचक असते, तिचा कुठला भाग कधी गोल हवा ते कुणी ठरवलंच नव्हतं. आम्ही तो बदलून "पाठ टेकताना धप्प आवाज येत नाही आणि पलटताना टाचा ढुंगणाजवळ राहतात" असा करून पाहिला, पुन्हा तेच व्हिडिओ, नऊ जुळले. तरी अंतिम उद्दिष्टात तो ठेवला नाही कारण जो हात न टेकता उठतो त्याची पाठ गोल आणि पाय जवळ असल्याशिवाय तो उठूच शकत नाही, वेगळं मोजायची गरज उरत नाही. शिकवताना मात्र तो निकष रोज वापरते.

ही दोन शिक्षकांची चाचणी प्रत्येक नव्या निकषाला लावा. अर्धा तास जातो. शाळेत पीटीला एकटेच असाल तर आज भरलेला कागद बाजूला ठेवा, आठवड्याने तेच व्हिडिओ बघून पुन्हा भरा आणि स्वतःशीच ताडून बघा.

35 मिनिटांची तासिका, साठ मुलं, चार गाद्या. एवढं सगळं बघणार कधी?

सगळं एका दिवशी बघायचंच नाही. आणि खरं तर बघता येतही नाही, कारण टाळू बाजूने दिसतो आणि कोलांटी सरळ रेषेत आली की तिरकी गेली ते समोरून. एका जागेवरून जेवढे निकष दिसतात तेवढेच त्या दिवशी.

हिशोब असा. वॉर्मअप आणि मानेचे-मनगटाचे व्यायाम 10 मिनिटं, गाद्या लावणं-उचलणं आणि हजेरी मिळून 5, हातात राहिली 20. एका मुलाच्या तीन कोलांट्या, चालत परत येणं आणि माझी नोंद याला निवांतपणे एक मिनिट लागतं. म्हणजे एका तासिकेत वीस मुलं, साठ मुलांना तीन तासिका. मी परीक्षेची गादी एकच ठेवते आणि तिच्याजवळ बसते, बाकी तीन गाद्यांवर आधी शिकवलेल्या सोप्या गोष्टी चालू असतात, पाठीवर झुलणं, उकिडव्यातून झुलून उठणं, असं काहीतरी ज्यात कुणी मानेवर पडणार नाही. नवीन काही त्या दिवशी त्या गाद्यांवर अजिबात नाही.

आठ तासिकांचा घटक असेल तर सहाव्या, सातव्या आणि आठव्या तासिकेला ही नोंद. पहिल्या तासिकेला पण एकदा घाईघाईत का होईना घेऊन ठेवा, नाहीतर शेवटी जे दिसतं ते तुमच्या शिकवण्याने आलं की पोराला आधीच येत होतं हे सांगता येणार नाही.

काही मुलं व्यायामशाळेत मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स करतात. त्यांना हे उद्दिष्ट पहिल्याच दिवशी जमतं. आणि काही मुलांना शेवटपर्यंत जमत नाही.

नाशिकमध्ये हे हमखास होतं, वर्गात दोन-तीन तरी मल्लखांबवाली पोरं असतातच. यावर माझं मत पक्कं आहे: निकष हलवायचा नाही, परिस्थिती बदलायची.

ज्याला सपाट गादीवर उठता येत नाही त्याला उतार द्या. स्प्रिंगबोर्डवर गादी टाकली की उतार तयार होतो, उताराने वेग मिळतो आणि वजन जास्त असलेलं मूल सुद्धा हात न टेकता उठतं. उद्दिष्टात "सपाट गादीवर" ऐवजी "उतारावर" लिहायचं, टाळूची अट आणि 3 सेकंद तसेच. मल्लखांबवाल्याला "उभं राहून सुरुवात करून" किंवा "दोन कोलांट्या सलग, मध्ये न थांबता". तिघांच्याही वहीत टाळूचा रकाना एकच असतो. निकष ढिला केला, म्हणजे "टाळू लागला तरी चालेल, प्रयत्न केला ना", तर ज्या मुलाला सगळ्यात जास्त जपायला हवं त्याचीच मान आपण धोक्यात घालतो.

आणि काही मुलांना कोलांटी द्यायचीच नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांमध्ये मानेचा सगळ्यात वरचा सांधा सैल असतो, त्यांना डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय मानेवर भार येणारं काहीही नाही. मानेचं, कानाचं दुखणं असलेल्यांनाही आधी विचारून घ्या. त्यांच्यासाठी तोलाचं उद्दिष्ट लिहा, उदाहरणार्थ "एका पायावर, दुसरं पाऊल गुडघ्याच्या उंचीला उचलून, 5 सेकंद, उभ्या पायाने उडी न मारता."

सेकंद मोजायचे कसे, आणि 3 च का?

मोठ्याने "एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन" म्हणायचं, मुलांनीही म्हणायचं. पुरुषांच्या स्पर्धात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये स्थिर स्थिती 2 सेकंद धरावी लागते. शाळेत मी 3 ठेवते कारण पहिला सेकंद डुलण्यातच जातो आणि मोजणारी मुलं हमखास घाईत मोजतात.

स्पर्धेसारखे गुण का देऊ नयेत? तिथे तर सगळं ठरलेलं असतं.

तिथे लहान चुकीला 0.10, मध्यमला 0.30, मोठीला 0.50 आणि पडल्यावर 1.00 असे गुण कापतात, पण लहान आणि मध्यम यातला फरक कळायला पंचांचं प्रशिक्षण लागतं. आपल्याला फक्त एवढंच बघायचंय की हे मूल पुढच्या पायरीला न्यायचं की नाही. हो किंवा नाही पुरतं.

भीती गेली, आत्मविश्वास आला, हे पण उद्दिष्टात हवं ना?

मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं, पण आतलं दिसत नाही. दिसतं ते लिहा: "नाव घेतल्यावर, कुणी न धरता, स्वतःहून सुरुवात करतो." पहिल्या तासिकेला माझा हात धरून ठेवणारी मुलगी सहाव्या तासिकेला स्वतःहून गादीवर उकिडवी बसली, हे नोंदवता येतं आणि वर्णनात्मक नोंदीत लिहायला खरं काहीतरी मिळतं.

मुलांनाच एकमेकांचं निरीक्षण करायला दिलं तर चालेल?

चालेल, आणि ते स्वतःच एक उद्दिष्ट होऊ शकतं: "जोडीदाराच्या तीन कोलांट्या बाजूने पाहून टाळू लागला की नाही हे विद्यार्थी सांगतो आणि त्याची तिन्ही उत्तरं शिक्षकाच्या नोंदीशी जुळतात." एका वेळी एकच निकष द्या. दोन दिले की मुलं दुसरा विसरतात. मैत्रीखातर सगळं "हो" भरणारे असतात, म्हणून खडूची पूड तिथेही ठेवा, मग वाद उरत नाही.

नोंदवहीत प्रत्यक्ष कसं लिहिता?

नाव, आणि पुढे तीनच रकाने: टाळू, उठणं, 3 सेकंद. प्रत्येक रकान्यात तीन प्रयत्नांच्या तीन खुणा, झालं तर उभी रेघ, नाही तर गोल. शेवटी स, उ किंवा पु: सपाट, उतार, पुढची पायरी. समजा एका मुलाचे रकाने असे आले: टाळू तीन रेघा, उठणं रेघ-गोल-रेघ, 3 सेकंद रेघ-गोल-गोल. इथे उद्दिष्ट पूर्ण झालेलं नाही, कारण उठून स्थिर राहणं एकदाच जमलंय. पण मान सुरक्षित आहे आणि तोल कच्चा आहे हे मला लगेच दिसतं, म्हणून त्याला कोलांटी पुन्हा पहिल्यापासून शिकवायची नाही, फक्त उकिडव्यातून झुलून उठून थांबायचा सराव द्यायचा. "व्यवस्थित येत नाही" असं लिहिलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

नोंद घ्यायच्या दिवशी आणखी काय बघावं लागतं?

केस. दोन वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या असल्या तर चालतं, पण डोक्याच्या मागे अंबाडा किंवा क्लचर असेल तर मुलगी तो टोचू नये म्हणून आपोआप डोकं सरळ ठेवते आणि टाळूवर जाते, मग तुम्ही कौशल्याची नोंद न घेता क्लचरची घेता. पिना, चष्मे, गळ्यातली साखळी हे सगळं काढून एका डब्यात. दोन गाद्यांचा जोड डोकं येतं त्या जागी नको. आणि डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सत्रात नाशिकची थंडी असते, गाद्या बर्फासारख्या गार आणि अंग आखडलेलं, त्या दिवसांत वॉर्मअपची 10 मिनिटं 15 करा आणि वीसऐवजी पंधरा मुलांचीच नोंद घ्या.